माया (कथा)

नदीकाठ

ही कथा गावभागातल्या एका दुकानाभोवती फिरते. माणसं मनातली आहेत, दुकान मात्र मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. शिवणकामातलं काही चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं, कारण मी स्वतः मशीनवर बसत नाही.

---

पाटी तयार होऊन आठ दिवस झाले होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोरानं छापून, वर प्लास्टिक चढवून दिली होती. शोभाताईंनी ती कपाटामागं ठेवली होती, तोंड भिंतीकडं करून.

पाटीवर तीनच ओळी होत्या. साधं ब्लाउज, अस्तराचं ब्लाउज आणि तिसरी अल्टरची. अस्तराच्या ब्लाउजपुढं ३२० लिहिलं होतं. अल्टरपुढं पोरानं त्यांच्या सांगण्यावरून ४० टाकलं होतं, पण घरी आणल्यावर शोभाताईंनी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली. उसवून दिल्याचे पैसे मागायचे म्हणजे फारच झालं, असं त्यांना वाटलं.

अस्तराचं ब्लाउज २०१८ च्या दिवाळीपासून अडीचशे होतं. २०१९ च्या दिवाळीत वाढवायचं ठरलं होतं. पण त्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली आणि दुकानात माळ्यापर्यंत पाणी आलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा आत घोट्याएवढा चिखल होता. मशीन आडवं पडलेलं. लोकांची सदतीस ब्लाउजपीसं कपाटात होती, एकाचा रंग दुसऱ्याला लागलेला.

तेव्हा पहिल्यांदा आल्या त्या देशपांडे बाई. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या. साडीचा पदर खोचून त्यांनी खराट्यानं चिखल ओढायला सुरुवात केली. मागोमाग आणखी पाचसहाजणी आल्या. एकीच्या मुलानं मशीन सुटं करून रॉकेलमध्ये धुऊन दिलं. बाईंनी मोटरीसाठी पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि परत मागितले नाहीत. शोभाताईंनी ते दोन वर्षांत फेडले, पण फेडले म्हणून विसरायचे थोडेच असतात. सदतीसपैकी एकाही बाईनं पिसाचे पैसे मागितले नव्हते.

मग कोरोना आला. दुकान बंद राहिलं, लग्नं घरातल्या घरात झाली. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. अशात दर कुठला वाढवायचा? अडीचशे ते अडीचशेच राहिलं.

२०२३ च्या जूनमध्ये मालकानं सांगितलं, नवरात्रापासून भाडं साडेतीनऐवजी पाच हजार. शोभाताईंनी ते ऐकून घेतलं. मालकाशी भांडता येतं, मनातल्या मनात का होईना. पण श्रावणात हसीना आली तेव्हा त्यांना बोलता येईना.

हसीना हातशिलाई करायची. गळ्याची पट्टी, कंबर, बाह्यांची कड, हुक आणि आय. दुपारी दहाबारा ब्लाउजांचं गाठोडं घेऊन जायची आणि दोनतीन दिवसांनी तयार करून आणायची. तिचे टाके उजव्या बाजूनं दिसत नसत. एका ब्लाउजला तिला तीस रुपये मिळायचे.

"ताई, एक बोलायचं होतं," हसीना उंबऱ्यातच थांबून म्हणाली. "चाळीस करा. मला दुसरीकडनं पण काम येतंय, पण मला तुमचं सोडायचं नाही."

"करते," शोभाताई म्हणाल्या. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. रात्री मात्र झोप लागली नाही. हसीनाला पाच वर्षं तीसच दिले, हे तिनं मागितल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं.

पाटी पितृपंधरवड्यात लावायची असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसांत नवं कापड कोणी टाकत नाही. जी येईल ती जुनं न्यायला येईल, तिला सावकाश सांगता येईल. नवरात्र लागलं की दुकानात उभं राहायला जागा नसते आणि दहाजणींसमोर एकीला दर सांगणं म्हणजे दहाजणींशी वाद. हिशेब बरोबर होता. पण पंधरवड्याचे आठ दिवस गेले आणि पाटी भिंतीकडं तोंड करूनच राहिली.

नवव्या दिवशी देशपांडे बाई आल्या. पिशवीत चार नवी पिसं होती.

"पितृपक्ष आहे खरा, पण भाचीचं लग्न दिवाळीनंतर लगेच आहे. तुझ्याकडं गर्दी व्हायच्या आत टाकून ठेवते. आणि हे दोन जुने बघ गं, दंडात आणि काखेत काचतायत."

शोभाताईंनी जुनं ब्लाउज उलटं केलं. बाजूला त्यांनीच मारलेल्या तीन टिपा होत्या, पाव पाव इंचावर. अंगाकडची एक टीप उसवली की दोन्ही बाजूंचं मिळून इंचभर ढिलं होतं. बाईंनी दोन घरीच उसवून पाहिल्या होत्या. आता कंबरेची आणि बाहीची कड उघडून, आत राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडून नवी टीप मारायची आणि कडा पुन्हा बंद करायच्या. दोन ब्लाउजांना चाळीस मिनिटं. त्यांनी तिथंच बसून केली. बाई स्टुलावर बसून भाचीच्या सासरचं सांगत होत्या. शोभाताई हुं हुं करत होत्या आणि मनात एकच वाक्य जुळवत होत्या.

काम झालं. बाईंनी जुनी ब्लाउजं पिशवीत घातली आणि नव्या चार पिसांची घडी समोर ठेवली.

"बाई, या वेळेपासून अस्तराचं तीनशे वीस केलंय."

मशीनची मोटर चालूच राहिली होती. शोभाताईंनी हात खाली नेऊन बटण बंद केलं.

बाई काही बोलल्या नाहीत. घडीवर हात ठेवून बसल्या. मग वरची दोन पिसं त्यांनी काढून पिशवीत परत ठेवली. राग नव्हता चेहऱ्यावर. भाजी महाग असली की अर्धा किलोऐवजी पाव किलो घेतो, तसं.

"ही दोन शिव. बाकीचं बघते."

"बाई, तुमच्यासाठी..."

"नको. सगळ्यांना तेच मला." त्या उठल्या, गुडघ्यावर हात दाबून. पायरीपाशी वळून म्हणाल्या, "दसऱ्याच्या आत होतील ना?"

"होतील."

संध्याकाळी शोभाताईंनी पाटी काढली आणि दाराशी खिळ्याला अडकवली. अल्टरवरची कागदी पट्टी तशीच ठेवली. मग वही उघडून बाईंच्या नावापुढं दोन लिहिलं. अस्तर सकाळीच भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलं होतं. त्यावर खडूनं मुंढा आखला आणि बाजूला माया धरली, बाईंसाठी नेहमी धरायच्या तेवढी, दीड इंच.

---

कांचन

फार आवडली. "फेडले म्हणून विसरायचे थोडेच असतात" इथं थांबले. माझ्या आईचं असंच एक दुकान होतं, म्हणजे जिथं ती शिवायला टाकायची ते.

एक विचारू? बाईंनी दोन पिसं परत घेतली ती दर ऐकून, की दुसरीकडं स्वस्तात टाकायला? मला वाटतं पेन्शनीत बसेना म्हणून. पण मग मोटरीला पाच हजार देणारी बाई दोन ब्लाउजांच्या वाढीव १४० रुपयांसाठी मागं का हटेल?

नदीकाठ

धन्यवाद कांचन. संकटात एकदा द्यायचे पैसे वेगळे आणि दर महिन्याच्या खर्चात बसवायचे वेगळे, अशी माझ्या पाहण्यातली बरीच माणसं आहेत. पण बाईंच्या मनातलं मलाही पूर्ण ठाऊक नाही.

स्वाती ठाणे

कथा चांगली आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. टेलर लोक मनाला येईल तसा दर वाढवतात. गेल्या वर्षी मी सहा ब्लाउजं टाकली. टाकताना साडेपाचशे सांगितले. आणायला गेले तर म्हणे साडेसहाशे, "मॅडम, दर वाढले". सहा ब्लाउजांचे सहाशे रुपये जास्त! नेसायचं चार दिवसांवर होतं, देणं भाग पडलं. वर दोन ब्लाउजांची बाही चुकलेली. त्यामुळे मला शोभाताईंपेक्षा बाईंचं जास्त पटलं. ग्राहकानं गप्प का बसायचं?

उरेपपट्टी

मी कोल्हापुरात बावीस वर्षं लेडीज शिवणकाम करते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी स्वाती ताई, तुमच्यावर झालं ते चूकच आहे. पीस ज्या दिवशी हातात घेतलं त्या दिवशीचा दर, मग मध्ये सोनं महाग होवो की दोरा. आम्ही पावतीवर दर लिहूनच देतो. पण या कथेतल्या बाईनं नेमकं तेच पाळलंय. पीस घ्यायच्या आधी दर सांगितला, म्हणून तर देशपांडे बाईंना दोन परत घेता आली. तुम्हाला ती सोय मिळाली नाही, हा फरक आहे.

आता नदीकाठ, तुमचं शिवणकाम बरोबर आहे. अस्तर भिजवून घेतल्याचं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. सुती अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्याला आखडतं आणि वरचं कापड चुरगळल्यासारखं ओढून धरतं. गिऱ्हाईक म्हणतं फिटिंग बिघडलं. पण ते भिजवणं, वाळवणं, इस्त्री करणं यालाही वेळ लागतो आणि तो कुणी मोजत नाही.

मी तुमच्या कथेतल्या आकड्यांवरून शोभाताईंचा हिशेब मांडला. जे दिलेलं नाही ते आमच्याकडच्या अंदाजानं धरलं. दिवसाला चार ब्लाउजं, महिन्याला शंभर. अस्तर दुकानाचं.

जुन्या दिवसांत अस्तराचे ५५, दोरा-हुक-कॅनव्हासचे १०, हसीनाचे ३०. म्हणजे अडीचशेतले ९५ गेले, १५५ राहिले. शंभर ब्लाउजांचे साडेपंधरा हजार. त्यातून भाडं साडेतीन आणि लाईट-मशीनदुरुस्ती हजार काढले की हातात अकरा हजार.

आता अस्तर ६०, दोराहुक १२, हसीना ४०. अडीचशेतच शिवलं तर १३८ राहतात. भाडं पाच हजार झाल्यावर महिन्याला हातात पडतात सात हजार आठशे. काम तेवढंच, पाठ तेवढीच मोडणार, आणि तीन हजार दोनशे रुपये कमी. शोभाताईंना झोप का लागली नाही ते यात आहे.

३२० केले तर एका ब्लाउजमागं २०८ राहतात. आता भीतीचा हिशेब करू. समजा दर वाढवल्यावर शंभरातली वीस ब्लाउजं गेली. ऐंशीचे १६,६४० होतात, खर्च सहा हजार, हातात १०,६४०. म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकेच. आणि तेहतीस गेली तरी उरलेल्या सदुसष्टात ७,९३६ सुटतात, न वाढवता शंभर शिवून सुटतात त्यापेक्षा शंभरभर जास्तच. महिन्यातले आठ दिवस मोकळे मिळतात ते वेगळे.

मी स्वतः हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा वहीवर दोनदा बेरीज केली होती. आपल्याला वाटतं एक गिऱ्हाईक गेलं की बुडालो. पण तीनातलं एक जाईपर्यंत बुडत नाही.

आकडेमोड

उरेपपट्टी, हिशेब छान मांडलात. पण तुमच्याच आकड्यांवरून एक शंका. भाड्याचे १,५०० वाढले, शंभर ब्लाउजांवर वाटले तर १५. हसीनाचे १०, अस्तर आणि दोऱ्याचे ७. एकूण ३२. मग दर २८२ व्हायला हवा, फार तर २८५. ३२० कशासाठी? खर्च वाढला तेवढाच दर वाढवला तर गिऱ्हाइकाला कारण सांगता येतं.

आणि पाच वर्षं थांबायचंच कशाला? दर दिवाळीला पंधरा-पंधरा वाढवले असते तर पाच वर्षांत आपोआप सव्वातीनशे झाले असते आणि कुणाला कळलंही नसतं.

उरेपपट्टी

तुमचा ३२ चा आकडा बरोबर आहे. पण २८२ नं शोभाताई पुन्हा अकरा हजारावर येतील, म्हणजे २०१८ च्या अकरा हजारावर. तिच्या घरचा गॅस, तेल, मुलांची फी पाच वर्षांत वाढली नाही का? अस्तराचा भाव वाढला की आपण धरतो, हसीनाचा धरतो, मशीनवर बसणारीचा मात्र कुणी धरत नाही. ती स्वतःही धरत नाही. आणि २८२ मध्ये एकही ब्लाउज गेलं की ती अकराच्या खाली. थोडी गिऱ्हाइकं जाणार हे धरूनच दर ठरवावा लागतो.

दरवर्षी पंधरा हे ऐकायला सोपं आहे. माझं तसं जमलं नाही. नेहमीची बाई वर्षातून दोनदा येते, दिवाळीला आणि लग्नसराईत. दर दिवाळीला नवा आकडा म्हटलं की ती म्हणते, "तुझ्याकडं प्रत्येक वेळी काहीतरी वाढलेलंच असतं." शिवाय २६५ सांगितलं की हातात २६० च येतात. मी दोन वर्षांनी एकदा, गोल आकड्यात वाढवते आणि दोन महिने आधी पाटी लावते. पण पाच वर्षं थांबू नये या मताशी मी पूर्ण सहमत आहे. एकदम सत्तर रुपये ऐकताना बाईंचा हात घडीवर थांबला, तो पाच वर्षांमुळं थांबला.

सोलापूरकर

माझ्या वडिलांचं जेंट्स टेलरिंगचं दुकान होतं. त्यांनीही असाच दर धरून ठेवला, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. शेवटी वाढवला तेव्हा तुटायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर ते दरामुळं गेलं नव्हतं. शर्टपीस घेऊन शिवायला टाकायचं, आठ दिवस थांबायचं, त्यापेक्षा रेडीमेड शर्ट अंगात घालून आरशात बघून घ्यायचा, हे लोकांना सोयीचं वाटलं. शर्ट थोडा सैल असला तरी चालतो. शेवटची काही वर्षं बाबा शाळेचे गणवेश आणि पँटची उंची कमी करणं यावरच होते.

म्हणून मला वाटतं शोभाताईंची भीती आमच्या बाबांच्या भीतीपेक्षा वेगळी आहे. साडीबरोबर पीस येतं, ते कुणाकडून तरी शिवून घ्यावंच लागतं, आणि ब्लाउज अर्धा इंच चुकलं तरी अंगात जात नाही. तिचं गिऱ्हाईक दुसऱ्या टेलरकडं जाईल, शिवणं सोडणार नाही.

कांचन

सोलापूरकर, पण आता ब्लाउजही तयार मिळतात की. ताणणाऱ्या कापडाची, कुणालाही बसणारी. माझी सून तीच घालते. एक काळं, एक सोनेरी, की झालं. तिनं लग्नानंतर एकही पीस शिवायला टाकलेलं नाही, साड्यांना जोडून आलेली पिसं तशीच कपाटात आहेत.

सोलापूरकर

हे खरं आहे. मी फक्त आईच्या पिढीचं धरून बोललो.

बांधावरून

इथं कुणी पीएम विश्वकर्मा योजनेचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, नंतर दोन लाखांचं कर्ज. शोभाताईंनी कर्ज काढून नवं मशीन घेतलं तर दर वाढवायची गरजच पडणार नाही.

उरेपपट्टी

दादा, माहिती उपयोगी आहे, माझ्याकडच्या एका मुलीनं त्यातून अर्ज केलाय. पण मशीन वेगवान झालं तरी ब्लाउजचा वेळ कुठं वाचतो ते पाहा. माझ्याकडं एका अस्तराच्या ब्लाउजला माप बघून कापायला वीसपंचवीस मिनिटं, मशीनवर तासभर आणि हातशिलाईला पाऊण तास. मशीनच्या तासातही निम्मा वेळ कापड जुळवण्यात, मुंढा आणि बाही बसवण्यात जातो. मोटर दुप्पट पळाली तर पंधरा मिनिटं वाचतील. ज्यांच्याकडं पायाचं मशीन आहे त्यांना फायदा होईल, शोभाताईंकडं मोटर आहेच. आणि कर्जाचा हप्ता पुन्हा त्या २०८ मधूनच जायचा.

वेळ जिथं खरा जातो ते कथेतच आहे. ती चाळीस मिनिटं. दोन ब्लाउजं उसवून दिली, फुकट, त्याच बैठकीत. जुनं गिऱ्हाईक म्हणजे असं काम रोज असतं. हुक तुटला, बाही घट्ट झाली, मुलीच्या फ्रॉकची चेन बसवून दे. मी एकदा महिनाभर वहीत असल्या कामाची मिनिटं लिहिली. रोजचा पाऊण ते एक तास निघाला. म्हणजे दिवसाला निम्मं ब्लाउज फुकट शिवत होते.

म्हणून मला ती कागदाची पट्टी खटकली. माझ्या मते शोभाताईंनी शिलाई ३०० करायला हवी होती आणि अल्टरचे ४० घ्यायला हवे होते. जी फक्त नवं शिवते तिच्यावर कमी बोजा पडला असता. आत्ता देशपांडे बाईंच्या उसवण्याचे पैसे दुसरीच कुणी नवी सून ३२० देऊन भरतेय.

नदीकाठ

हे मी लिहिताना असं पाहिलं नव्हतं. मला ती पट्टी तिच्या चांगुलपणाची वाटत होती. तरीही मी ती काढणार नाही, कारण शोभाताई ती काढेल असं मला वाटत नाही. बाजूला तीन टिपा मारून आत दीड इंच माया ठेवायची, ती पुढं कधीतरी उसवायला या म्हणूनच ना? मग आल्यावर पैसे कसे मागायचे?

उरेपपट्टी

माया ठेवणं हे कापण्याचं काम झालं, त्याचे पैसे शिलाईत आले. पहिल्या दोन टिपा घरी उसवता येतात, त्याला माझ्याकडं यावंच लागत नाही. चौथी मारायला कडा उघडाव्या लागतात, ते नवं काम आहे. मी असं समजावून सांगते आणि बहुतेकींना पटतं. सगळ्यांना नाही पटत. एक बाई पंधरा वर्षांची माझी गिऱ्हाईक होती, अल्टरचे तीस रुपये मागितले म्हणून परत आली नाही. रस्त्यात भेटते, बोलते, अंगात मी शिवलेलं ब्लाउज असतं. मला अजून वाईट वाटतं.

स्वाती ठाणे

उरेपपट्टी ताई, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून मी ती जुनी पावती शोधली. त्यावर तारीख आहे, नग आहेत, दर लिहिलेलाच नाही. पुढच्या वेळी लिहून घेईन. आणि कथा पुन्हा वाचली. पहिल्यांदा मी माझ्याच रागात वाचली होती.

कांचन

मला हसीनाचं विचारायचंय. उरेपपट्टी ताईंच्या हिशेबात शोभाताई तेहतीस ब्लाउजं गमावूनही तगतात. पण हसीनाचं काय? आधी शंभर ब्लाउजांचे तीस प्रमाणे तीन हजार. आता सदुसष्ट, चाळीस प्रमाणे. मी मांडून पाहिलं, २,६८० होतात. म्हणजे दर वाढला आणि तिच्या हातात कमी आले. पंचाहत्तरच्या खाली काम गेलं की तिचा तोटाच आहे. आणि मागणी तर तिचीच होती.

आकडेमोड

पण तिचा वेळही वाचतो ना. तेहतीस ब्लाउजांचा पाऊण तास म्हणजे जवळपास पंचवीस तास. कथेतच आहे की तिला दुसरीकडून काम येतंय.

कांचन

दुसरीकडं काम येतंय असं ती म्हणाली. पगार वाढवून मागताना माणूस असं म्हणतोच. खरंच येतंय की नाही ते कथेत नाही.

नदीकाठ

कांचन, खरं आहे, कथेत नाही. मी शोभाताईच्या डोळ्यांनी लिहिली आणि तिनं हसीनाला लगेच हो म्हटलं, म्हणून मला वाटलं ती बाजू मिटली. हसीनाच्या घरी गाठोडं छोटं झालं की काय होतं याचा मी विचारच केला नव्हता.

उरेपपट्टी

माझाही हिशेब मशीनपाशीच थांबला होता. हातशिलाईवाल्या बायका घरी बसून करतात, दुकानात दिसत नाहीत, म्हणून असं होतं.

आमच्याकडं दर वाढवल्यावर पहिले दोन महिने काम कमी झालं, तेव्हा मी साड्यांना फॉल लावायचं काम आमच्या हातशिलाईवालीकडं दिलं. आधी ते मी बाहेर देत होते. फॉललाही हातानंच टाके घालावे लागतात, तिला ते येत होतं. महिन्याला पंधरावीस साड्या निघाल्या. त्यानं सगळी तूट भरली असं नाही म्हणणार, पण ती टिकली. तिसऱ्या महिन्यापासून लग्नसराई लागली आणि गेलेल्यांतल्या काहीजणी परत आल्या. कोण का परत आलं हे मी कुणाला विचारलं नाही.

शोभाताईंकडं पिको-फॉलचं काम येतं का, हे लिहिलं नाहीत तुम्ही.

नदीकाठ

येतं. लहानपणी मी आईच्या साड्या तिथंच घेऊन जायचे. कोपऱ्यात फॉलच्या रंगीत गुंडाळ्या दोरीला लटकवलेल्या असायच्या आणि साडीच्या काठाशी रंग जुळवून बघायचं काम मला मिळायचं. फॉल कोण लावायचं ते मात्र मी कधी पाहिलं नाही.